पैसे कटले पण ऑर्डर लागली नाही? माफीच्या मेसेजमध्ये रिफंडचं काय काय लिहायचं

आमच्या वहिनी इंदूरला लोकमान्य नगरात घरून फराळ करून विकतात, दिवाळीच्या आठवड्यात वेबसाइटवर ऑर्डर घेतात आणि हिशोब मी बघतो. 14 तारखेला मंगळवारी संध्याकाळी साधारण पावणेसात ते सव्वाआठ पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर पैसे घेणारी सेवा, बंद पडला, लोकांचे पैसे कटत होते आणि आमच्याकडे ऑर्डर काही येत नव्हती, रात्रीपर्यंत तेवीस जणांचे मेसेज आले. घाईघाईत वहिनींनी सगळ्यांना पाठवलं: "तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, 24 तासांत रिफंड मिळेल." मनापासूनच लिहिलं होतं, पण त्यातलं 24 तासांचं वचन आमच्या हातातलं नव्हतंच, कारण बहुतेकांचे पैसे आमच्यापर्यंत आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी बसून तो मेसेज परत लिहिला. ज्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे त्यांना आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना, दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून सगळं सांगतो.

मेसेज लिहायच्या आधी एक काम करायचंच, गेटवेच्या डॅशबोर्डवर एकेका पेमेंटचं स्टेटस बघायचं, कारण रिफंड कोण करणार आणि किती दिवसांत हे त्यावरच ठरतं. आमच्या तेवीसपैकी चौदा जणांसमोर failed होतं, म्हणजे ग्राहकाच्या बँकेतून रक्कम वजा झाली पण आमच्याकडे कन्फर्मेशन आलं नाही, हे पैसे बँकांच्या मध्येच अडकलेले असतात आणि आपोआप परत जातात. सहा जणांचं captured होतं, पैसे आमच्या खात्यात जमा होणार पण वेबसाइटवर ऑर्डर बनलीच नाही, तर इथे रिफंड आम्हीच टाकायचा. उरलेल्या तिघांनी घाबरून दोनदा पैसे भरले आणि दोन्ही वेळा गेले, त्यांचं एक पेमेंट आम्ही परत करायचं.

आणि हे एकदा बघून सोडायचं नाही हो, सकाळी परत बघायचं. बँकेकडून उत्तर उशिरा आलं की रात्री failed दिसलेलं पेमेंट सकाळी captured होऊन बसतं. आमच्या चौदातली दोन अशीच फिरली, म्हणजे बारा उरली. रात्रीच्याच यादीवर मेसेज गेला असता तर ती दोघं आपोआप येणाऱ्या पैशांची वाट बघत बसली असती आणि पैसे आमच्याकडे पडून राहिले असते.

आता मुदतीचं. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे, ते 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झालं. दुकानदाराला यूपीआयनं पैसे दिले किंवा कार्डानं ऑनलाइन भरले, खात्यातून कटले पण दुकानदाराकडे कन्फर्मेशन पोचलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार-सुट्टी वगळायची नाही, आणि भरपाई ग्राहकानं तक्रार न करताही जमा व्हायला पाहिजे. पात्रता एवढीच की चूक ग्राहकाची नसावी, चुकीच्या माणसाला पैसे पाठवले तर हा नियम लागत नाही. आणि captured असलेल्यांनाही हा लागत नाही, त्यांचा रिफंड दुकानदारानं टाकल्यावर साधारण 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत पोचतो. म्हणून दोघांना एकच तारीख देऊन चालत नाही.

राजेंद्र नगरच्या एक काकू आहेत, दरवर्षी चकली आणि अनारसे नेतात. त्यांचे 1,450 रुपये मंगळवारी 14 ला कटले, स्टेटस failed. मुदत 19 तारखेपर्यंत, तो रविवार आहे तरी तोच धरायचा. समजा पैसे 22 ला आले तर 20, 21, 22 असे तीन दिवस उशीर, म्हणजे 1,450 सोबत 300 रुपये भरपाई. काकूंनी फोनवर विचारलं, "अरे तूच यूपीआयनं पाठवून दे ना, नंतर बघू." मी नाही म्हटलं आणि का ते समजावलं: मी आज पाठवले आणि 18 ला बँकेनंही परत केले तर पैसे दोनदा जातात आणि मग एकमेकांकडे मागत बसायचं. दुकानदारांनो, failed वाल्यांना हातानं पैसे पाठवू नका, आणि captured वाल्यांचा रिफंड डॅशबोर्डवरूनच टाका म्हणजे ज्या खात्यातून आले त्यातच जातो आणि नोंदही राहते.

मग नवा मेसेज असा झाला, captured वाल्या आठ जणांसाठी:

"नमस्कार, मंगळवारी संध्याकाळी 6.45 ते 8.15 आमचं पेमेंट बंद पडलं होतं, तुमचे पैसे आमच्याकडे आलेत पण ऑर्डर बनली नाही, याबद्दल आम्हाला खरंच वाईट वाटतं. तुम्हाला फराळ हवा असेल तर याच पैशात शनिवारी पोचवतो, पैसे हवे असतील तर तसं कळवा, आजच रिफंड टाकून त्याचा नंबर पाठवतो, 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत तुमच्या त्याच खात्यात येतील. लिंक, ओटीपी, पिन आम्ही काहीही मागणार नाही."

दोनदा भरलेल्यांना फराळ पोचवतो आणि एक पेमेंट परत करतो, एवढंच लिहिलं. बारा जणांना असं: "तुमचे पैसे आमच्यापर्यंत आले नाहीत, ते बँकेकडून 19 तारखेपर्यंत आपोआप परत येतील, तोपर्यंत काही करायची गरज नाही, 20 ला आले नसतील तर आम्हाला सांगा, लागणारी माहिती आम्ही देतो." पिन-लिंकची ओळ त्यांनाही. ती सोडू नका, गेटवे बंद पडल्याचं कळलं की रिफंडच्या नावानं लिंक पाठवणारे आणि पिन मागणारे हजर होतात, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मुदत संपली तर ग्राहकानं आधी ज्या अ‍ॅपमधून पैसे भरले त्यात तो व्यवहार उघडून तक्रार टाकायची, मग स्वतःच्या बँकेत लेखी द्यायची. जवळ पाहिजे ते म्हणजे व्यवहाराचा 12 आकडी नंबर, RRN (काही अ‍ॅपमध्ये UTR लिहिलेलं असतं), तारीख, वेळ, रक्कम, पासबुक किंवा स्टेटमेंटमधली पैसे कटल्याची ओळ, आणि दुकानदाराचा "पैसे मिळाले नाहीत" असा मेसेज. कार्ड असेल तर शेवटचे चार आकडे, पूर्ण नंबर कुणालाच द्यायचा नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, त्यात बऱ्याचदा प्रोसेसिंगच दिसतं आणि नंबर कापला गेलेला असतो. काकूंचा स्क्रीनशॉट असाच होता, त्यांच्याकडून अ‍ॅप उघडून एकेक आकडा फोनवर वाचून घेतला.

बँकेकडून तक्रारीचा नंबर घ्याच. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तोच नंबर लावून cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी लागत नाही. बँकेकडे न जाता थेट तिथे गेलं तर तक्रार घेत नाहीत.