ग्लुकोज आणि ग्लुकॅगॉन: एक तोंडाने, एक सुईने

नावं जुळ्या भावंडांसारखी, पण कामं वेगळी. ग्लुकोज म्हणजे साखरच. पोटात गेली की आतड्यातून रक्तात शिरते. ग्लुकॅगॉन मात्र साखर नाही. ते स्वादुपिंडात तयार होणारं हार्मोन आहे आणि इंजेक्शनच्या रूपात मिळतं. ते शरीराला बाहेरून साखर देत नाही, यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. मधुमेही माणसाची साखर एकदम खाली गेली तर दोन्हींपैकी काय द्यायचं, हे एकाच प्रश्नावर ठरतं: तो नीट गिळू शकतो का?

गिळू शकत असेल, हाक मारल्यावर उत्तर देत असेल, तर सुई नको. १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात ढवळून द्या. १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहा आणि आकडा ७०च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. घाम, थरथर, चिडचिड, अडखळतं बोलणं असलं तरी घोट गिळता येत असेल तर ग्लुकोजच. शुद्ध हरपली, झटके आले, किंवा डोळे उघडे असूनही तोंडातलं पाणी ओठांवरून ओघळतंय, तर ग्लुकोजची वेळ गेली. आता ग्लुकॅगॉन.

इंदूरच्या एका घरातलं उदाहरण कल्पून पाहू. चौदा वर्षांची मुलगी, वजन ४२ किलो, टाइप वन मधुमेह. रंगपंचमीला सकाळपासून राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, चालली, नाचली. सकाळी पोहे-जिलबी झाली, दुपारचं जेवण अर्धवट राहिलं. रात्रीचं इन्सुलिन रोजच्याइतकंच घेतलं. दिवसभराच्या हालचालीनंतर स्नायू रात्रीसुद्धा रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून घसरण झोपेत होते. दोन वाजता आई पाहते तर अंथरूण घामाने भिजलेलं, हातपाय झटके देताहेत, हाकेला उत्तर नाही.

आजी लगबगीने ग्लुकोजचं पाणी आणते. इथेच थांबायला हवं. बेशुद्ध माणसाचा घसा श्वासनलिकेचं रक्षण करत नाही, त्यामुळे पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. गालात ग्लुकोज चोळणंही भरवशाचं नाही, कारण तिथून रक्तात फार थोडी साखर जाते, बाकीची गिळावीच लागते. झटके थांबावेत म्हणून दातांत चमचा घालू नका, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने साखर वाढत नाही. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर एक थेंब तपासा, पण तो शोधण्यात वेळ घालवू नका. साखर कमी आहे की जास्त, हे कळत नसेल तरी अशा अवस्थेत ग्लुकॅगॉन देणं सुरक्षित बाजू आहे. साखर आधीच जास्त निघाली तर त्या एका डोसने फार बिघडणार नाही, पण कमी असेल आणि दिलं नाही तर बिघडेल.

आता ग्लुकॅगॉनच्या नेहमीच्या किटबद्दल. आत एक छोटी बाटली असते, तिच्यात १ मिलिग्रॅम पांढरी पावडर. सोबत सिरिंज, आधीच १ मिलिलिटर पाण्याने भरलेली. सर्वात मोठी चूक इथेच होते. भरलेली सिरिंज दिसली की घाबरलेला माणूस तीच थेट टोचतो, आणि शरीरात नुसतं पाणी जातं. औषध तर बाटलीतच राहिलेलं असतं!

म्हणून आधी बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण उडवा, सुई रबरातून आत घालून सगळं पाणी पावडरीवर सोडा. सुई आतच ठेवून बाटली हळू गोल फिरवा, जोराने हलवू नका. मिश्रण पाण्यासारखं स्वच्छ झालं की बाटली उलटी धरून ते पुन्हा सिरिंजमध्ये ओढा; दट्ट्या पूर्ण बाहेर येऊ देऊ नका. कण किंवा गाठी राहिल्या तर ते वापरू नका. मिसळलेलं औषध लगेच द्यायचं, उरलेलं फेकायचं.

आपल्या मुलीला पूर्ण १ मिलिलिटर. साधारण २५ किलोच्या खाली असेल तर अर्धा, म्हणजे ०.५ मिलिलिटर. काही कंपन्या ही सीमा २० किलो धरतात, म्हणून मुलाचं वजन पाहून डॉक्टरांनी सांगितलेला आकडा डब्यावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, सुई सरळ उभी टोचा. कपड्यावरून टोचावं लागलं तरी चालेल. आणि फ्रिजमध्ये किट इन्सुलिनच्या शेजारी ठेवू नका. अंधारात इन्सुलिनचं पेन हाती आलं तर उलटाच अनर्थ होईल. डब्यावरचं साठवणीचं तापमान आणि मुदत पाहा. इंदूरच्या मे महिन्यात साध्या कपाटात कोणतंही इंजेक्शन ठेवणं योग्य नाही. किट प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळेलच असं नाही, त्यामुळे आधी मागवून ठेवावं लागतं.

सुई काढल्याबरोबर तिला कुशीवर वळवा. ग्लुकॅगॉनने उलटी होणं नेहमीचंच, आणि पाठीवर असताना झाली तर ती श्वासात जाते. एकाने १०८ला फोन करावा, दुसऱ्याने वेळ लिहावी: इंजेक्शन २ वाजून १० मिनिटांनी. इन्सुलिन पंप असेल तर तो थांबवा. शुद्धीवर यायला १० ते १५ मिनिटं लागतात, आणि ती फार लांब वाटतात. १५ मिनिटांनीही डोळे उघडले नाहीत आणि दुसरं किट असेल तर दुसरा डोस द्या, पण त्यापायी रुग्णवाहिकेला उशीर होऊ देऊ नका. तिथे किंवा दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज देता येतं, ते घरी करायचं काम नव्हे.

काम झालं नाही तर कारण बहुतेकदा यकृतात असतं. दिवसभर उपास, लांबलेलं आजारपण, जास्त दारू, किंवा नुकतीच एकदा अशी घसरण झालेली असेल तर साठा रिकामा असतो. रिकाम्या कोठारातून धान्य काढायला सांगून काय उपयोग? ग्लिमेपिराइड किंवा ग्लायक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्या गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो, शुद्धीवर येऊनही साखर पुन्हा पडू शकते. त्यांना सुधारणा दिसली तरी रुग्णालयात न्यावंच.

मुलगी २ वाजून २२ मिनिटांनी डोळे उघडते, आईला ओळखते. आता आजीचा पेला कामाचा. उठवून बसवा, नीट गिळतेय हे पाहा, साखरेचं पाणी किंवा फळांचा रस घोटघोट द्या. मग मळमळ थांबली की पोळी किंवा बिस्किटं, दूध. हे टाळू नका, कारण ग्लुकॅगॉनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो आणि यकृताचा साठा आता कमी झालेला असतो. उलट्या थांबेनात आणि पोटात काही टिकेना, तर रुग्णालयच, कारण पुढची साखर नेमकी तोंडाने द्यायची होती.

१५ मिनिटांनी तपासा, मग पुढचे काही तास दर अर्ध्या-एका तासाने. ‘दमलीये, झोपू दे’ म्हणून सोडू नका. झोपली तरी बोट टोचून आकडा बघा. सकाळचं इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फोन करून रात्री काय झालं, किती वाजता झालं ते सांगा आणि डोस त्यांच्याकडून ठरवून घ्या. त्याच दिवशी नवीन किटची मागणी द्या. पुढचे एक-दोन दिवस घाम-थरथर अशी सूचना कमी मिळू शकते, म्हणून शाळेच्या बाईंनाही कळवा की ती नेहमीसारखी दिसली तरी दुपारी आकडा पाहायचा आहे.