‘रामन परिणाम’ हे नाव रामन यांनी दिलं नव्हतं

‘मामा, ज्याने शोध लावला त्यानेच आपलं नाव दिलं, म्हणून रामन परिणाम ना? मग विज्ञान दिनाच्या फलकावर ‘रामनचा परिणाम’ लिहू?’ परळच्या शाळेत शिकणाऱ्या भाचीचा प्रश्न.

नाव दुसरेच देतात. पदार्थातून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, त्या विकिरणाचं हे नाव. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी मार्च 1928 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत पत्र छापलं, तेव्हा शीर्षकात ‘नव्या प्रकारचं दुय्यम प्रारण’ एवढंच होतं. ‘रामन परिणाम’ म्हणायला सुरुवात केली ती जर्मनीतल्या भौतिकशास्त्रज्ञ प्रिंग्सहाइम यांनी, त्याच वर्षी. ते म्हटलं, बाकीच्यांनी उचललं, झालं बारसं.

नाव म्हणजे पहिलेपणाचा दाखलाही नव्हे. मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकात हेच विकिरण त्याच फेब्रुवारीत दिसलं होतं, पण त्यांचा लेख काही महिन्यांनी आला. रशियन पुस्तकांत आजही ‘संयुक्त विकिरण’ असं, माणसाचं नाव नसलेलं नाव आढळतं. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ श्मेकाल यांनी तर 1923 मध्येच गणिताने भाकीत केलं होतं, म्हणून काही जर्मन लेखक त्यांचंही नाव जोडत. कृष्णन मात्र नावातून गळलेच, हे मला अजून खटकतं.

फलकावर ‘रामन परिणाम’च लिहावं. ‘चा’ नको, ‘सर’ किंवा ‘सी. व्ही.’ही नको. ‘जूल-थॉमसन परिणाम’सारखी दोन माणसं असतील तर मध्ये संयोगचिन्ह द्यावं. मात्र चिन्ह दिसलं की दोघे धरू नयेत: लेवी-चिविता हा एकच गणिती.