हात की दात?

छातीत दुखतंय म्हणून रुग्णाने फोन केलाय आणि डॉक्टर विचारतात, "हात दुखतोय का?" इकडे मिक्सर चालू असल्याने रुग्णाला "दात दुखतोय का?" असं ऐकू येतं. तो म्हणतो, "नाही." हे उत्तर दोन्ही प्रश्नांना चपखल बसतं, त्यामुळे घोटाळा झाल्याचं दोघांनाही कळत नाही.

'हात' आणि 'दात' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. 'आ' हा स्वर लांब आणि ठसठशीत असतो, गोंगाटातही टिकतो. 'ह' म्हणजे नुसता श्वासाचा आवाज, तो आधी बुडतो. मग मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो आणि आपण नीट ऐकलं असंच आपल्याला वाटतं. म्हणून शंका आली नाही तरी उत्तरात प्रश्नातला शब्द घ्यावा: "नाही, दात नाही दुखत." डॉक्टर तिथेच थांबवतील, "दात नाही हो, हात!"

शंका आलीच तर आधी क्षणभर थांबा. कानावर पडलेला आवाज स्मृतीत काही सेकंद रेंगाळतो, म्हणूनच "काय?" म्हणता म्हणता कित्येकदा प्रश्न उमगतो. पण थांबायचं ते साधारण सेकंदभरच. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो. त्यामुळे लांबलेली शांतता समोरच्याला नकार किंवा टाळाटाळ वाटते.

नंतरचं विचारणं नेमकं हवं. नुसतं "काय?" म्हटलं की समोरचा अख्खं वाक्य पुन्हा म्हणतो, बहुधा ओरडून. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं फारशी नाहीत, आणि अडचण जिथल्या तिथे राहते. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं म्हणा आणि हरवलेल्या जागी प्रश्न ठेवा: "काय दुखतंय का, म्हणालात?" आता डॉक्टरांना एकच शब्द सावकाश सांगायचा आहे. "दाताचं विचारताय ना?" असा अंदाज पुढे करणं सोपं वाटतं, पण घाईतला माणूस अर्धवट ऐकून "हं" म्हणून जातो आणि चूक पक्की होते. अंदाजाची बऱ्यापैकी खात्री असेल तरच तसं विचारावं.

शब्द ऐकू आला पण अर्थ लागला नाही, ही वेगळी अडचण. "ब्रेथलेसनेस आहे का?" हा प्रश्न तीनदा ऐकूनही उपयोग नाही. "शब्द ऐकला, अर्थ कळला नाही," असं सरळ सांगावं, म्हणजे डॉक्टर "धाप लागते का?" असं विचारतील. तरी नेमकं कळलं नाही तर उदाहरण देऊन ताडून पाहावं: "म्हणजे जिना चढताना लागते तशी, की बसल्या जागीही?"

दोनदा विचारूनही शब्द सुटत असेल तर तिसऱ्यांदा तेच विचारू नये. मिक्सर बंद करावा, नाहीतर फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानाला लावावा.