नावापुढची राखाडी टिक

गिरगावातल्या आमच्या चाळीत एका रविवारी काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "अगं बघ, यांनी मला स्वतः उत्तर दिलंय!" शेअर बाजारावरचं एक यूट्यूब चॅनल ते रोज पाहतात. व्हिडिओखाली त्यांनी एक प्रश्न विचारला होता. खाली उत्तर आलं होतं, नाव तेच, फोटोही तोच: टेलिग्रामवर या, खास ग्रुपमध्ये घेतो.

मी त्या नावावर बोट टेकवलं. उघडलेल्या चॅनलवर एकही व्हिडिओ नव्हता आणि सबस्क्राइबर होते नऊ. नावाखाली @ ने सुरू होणारा पत्ता असतो, त्याला हँडल म्हणतात. यूट्यूबवर एकच नाव हजार जणांना घेता येतं, हँडल मात्र एकालाच मिळतं. म्हणून नकली माणसाला त्यात फेरफार करावाच लागतो. इथे शेवटी दोन आकडे जास्तीचे होते. वर्णनाच्या ओळीवर टेकवल्यावर चॅनल कधी सुरू झालं तेही दिसलं: त्याच आठवड्यात.

"पण टिक आहे ना," काका म्हणाले. होती, पण फोटोच्या गोलात, कुणीतरी चित्रावर काढलेली. खरी टिक नावाच्या लगेच पुढे, फोटोबाहेर असते, छोटी आणि राखाडी. ती यूट्यूब स्वतः दाखवतं, चॅनलवाल्याला टाइप करता येत नाही. कॉम्प्युटरवर तिच्यावर माऊसचा बाण नेला की Verified असा शब्द उमटतो, चित्रातल्या टिकेवर काही उमटत नाही. गायक-वादकांच्या अधिकृत चॅनलला टिकेऐवजी संगीताची खूण असते. शिवाय व्हिडिओ ज्याचा, त्यानेच कमेंट केली तर त्याचं नाव पट्टीत उठून दिसतं. काकांना आलेल्या उत्तराला ती पट्टीही नव्हती.

मग मूळ चॅनल उघडलं. तिथे खरी टिक होती. काका खुश झाले, "म्हणजे हा माणूस खात्रीचा!" मला खरी काळजी वाटली ती इथे.

ही टिक मिळते कशी ते पाहा. चॅनलचे 1 लाख सबस्क्राइबर झाले की अर्ज करता येतो. चॅनल ज्याचं म्हणून सांगितलंय त्याचंच आहे का, ते सार्वजनिक आहे का, फोटो आणि वर्णन आहे का, व्हिडिओ येत असतात का, एवढं यूट्यूब बघतं. व्हिडिओत सांगितलेला शेअर वर जाईल का, औषध लागू पडेल का, बातमी खरी आहे का, याची तपासणी त्यात कुठेही नाही. सांगणाऱ्याची पदवी किंवा परवानाही कुणी मागत नाही. टिक एवढंच सांगते की हा तोच आहे. तो बरोबर आहे, असं ती म्हणत नाही. उलटही खरंच: गावातल्या चांगल्या शिक्षकाचे 8 हजार सबस्क्राइबर असतील तर त्याला टिक नसेल, म्हणून तो खोटा ठरत नाही.

"हा तोच आहे" हेसुद्धा अर्ज मंजूर झाला त्या दिवसापुरतं. नंतर चॅनल चोरांच्या हाती जाऊ शकतं. सप्टेंबर 2024 मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाचं यूट्यूब चॅनल हॅक झालं आणि त्यावर क्रिप्टो चलनाचा व्हिडिओ दिसू लागला. चॅनलचं नाव बदललं तर टिक निघून जाते आणि पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे नाव बदलणारा चोर टिक गमावतो. जो नाव तसंच ठेवून नुसता व्हिडिओ चालवतो, त्याच्या डोक्यावर मात्र जुन्या मालकाची टिक तशीच राहते. नेहमी मराठीत बोलणारं चॅनल अचानक इंग्रजीत लाइव्ह येऊन दुप्पट पैशांचं आमिष दाखवू लागलं, तर तेव्हा टिकेकडे बघूच नये.

काकांचा खरा प्रश्न वेगळा होता: या माणसाच्या सांगण्यावरून शेअर घ्यावेत का? त्याचं उत्तर यूट्यूबकडे नाही. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या, वांद्रे-कुर्ला संकुलात कचेरी असलेल्या सेबीकडे त्याचा निदान पहिला भाग आहे. पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याला तिथे नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, रिसर्च अॅनालिस्टचा INH ने. क्रमांक दुसऱ्याचा उचललेला असू शकतो, म्हणून सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे तेही जुळवायचं.

चॅनलच्या वर्णनात कुठलाच क्रमांक नव्हता. त्या माणसाचं नाव आम्ही दोन्ही याद्यांत शोधलं, तेही सापडलं नाही. काकांनी चष्मा काढून पुसला, तीच अक्षरं पुन्हा एकदा स्वतः टाइप करून पाहिली आणि मग टेलिग्रामचं ते आमंत्रण पुसून टाकलं.