केबल जाड, आतले तांबे बारीक

फोन चार्ज करायच्या काही केबलच्या आवरणावर फिकट अक्षरांत एक ओळ छापलेली असते: 28AWG/1P+24AWG/2C. पहिला भाग माहिती वाहणाऱ्या दोन बारीक तारांच्या जोडीबद्दल आहे. आपल्या कामाचा भाग दुसरा. त्याचा अर्थ, वीज वाहणाऱ्या दोन तारा २४ गेजच्या आहेत. AWG हे तारेच्या जाडीचे माप, त्यालाच गेज म्हणतात. स्वस्त केबलवर ही ओळ बहुधा नसतेच. कापून पाहिले तर वीज वाहणाऱ्या ताराही २८ गेजच्या किंवा त्याहून बारीक निघतात. बाहेरून केबल बोटाला जाड लागते, पण ती जाडी प्लॅस्टिकची किंवा विणलेल्या धाग्याची असते.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. सोनार जशी तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत बारीक करत नेतो, तसाच हा हिशेब आहे. जितक्या जास्त वेळा ओढली, तितका आकडा मोठा. आकडा ३ ने वाढला की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते. २४ गेजचा छेद सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर असतो आणि २८ गेजचा फक्त ०.०८. घरात दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढतात, हे लक्षात घेतले की केबलमध्ये तांबे किती थोडे असते याचा अंदाज येतो.

तांबे कमी म्हणजे रोध जास्त. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो, तर २८ गेजचा ०.२१३ ओहम. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. वीज चार्जरकडून फोनकडे एका तारेने जाते आणि दुसऱ्या तारेने परत येते, म्हणून एक मीटर केबलसाठी दोन मीटर तारेचा रोध धरावा लागतो. शिवाय दोन्ही टोकांना पिना खोबणीत टेकतात. त्या चार जोडांचे मिळून साधारण ०.१ ओहम धरू. मग एक मीटरच्या २८ गेज केबलचा एकूण रोध ०.५३ ओहम होतो आणि २४ गेजचा ०.२७.

अर्धा ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण चार्जर देतो पाचच व्होल्ट, आणि त्यातले फार थोडे केबलवर खर्च करता येतात. फोनमधली लिथियम बॅटरी भरत आली की तिचे स्वतःचे व्होल्टेज ४.२ ते ४.४ पर्यंत पोचते. तिच्यात वीज ढकलायची तर बाहेरून येणारे व्होल्टेज त्याहून थोडे वर हवे. म्हणून फोनमधले चार्जिंगचे सर्किट आत येणाऱ्या व्होल्टेजवर सतत लक्ष ठेवते. ते साधारण साडेचारच्या आसपास उतरू लागले, की सर्किट स्वतःच प्रवाह कमी करते आणि व्होल्टेज आणखी पडू देत नाही. चार्जिंग मंदावते ते इथे, आणि हा निर्णय फोन घेतो. चार्जरमध्ये काही बिघाड नसतो.

आता आकडे मांडून पाहू. चार्जर ५.१ व्होल्ट देतो आणि फोन ४.५ च्या खाली उतरू देत नाही, असे समजा. म्हणजे केबलच्या वाट्याला ०.६ व्होल्ट आले. २८ गेजच्या एक मीटर केबलमधून या ०.६ व्होल्टवर ०.६ ÷ ०.५३, म्हणजे १.१ अँपिअर जाऊ शकतात. चार्जरवर २ अँपिअर लिहिलेले असले तरी फोनला निम्म्याहून थोडेच जास्त मिळते. हीच केबल दोन मीटरची घेतली तर रोध ०.९५ ओहम होतो आणि प्रवाह ०.६ अँपिअरवर येतो. २४ गेजच्या एक मीटर केबलमधून मात्र २.२ अँपिअर जाऊ शकतात, म्हणजे चार्जर पूर्ण क्षमतेने चालतो. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी १.१ अँपिअर म्हणजे चार तासांहून अधिक वेळ आणि २ अँपिअर म्हणजे साधारण अडीच तास. शेवटच्या टप्प्यात चार्जिंग तसेही हळू होते, तो वेळ वेगळा.

याच हिशेबातून एक सोपा उपाय निघतो. २८ गेजची केबल अर्ध्या मीटरची घेतली तर तिचा रोध ०.३१ ओहम भरतो. दोन मीटरच्या २२ गेज केबलचाही जवळपास तेवढाच. पॉवर बँकसोबत मिळणारी बारीक, आखूड केबल व्यवस्थित चालते आणि तशीच केबल पलंगापर्यंत पोचेल एवढी लांब घेतली की रडते, ती यामुळेच. लांब केबल हवीच असेल तर वीज वाहणाऱ्या तारा २२ किंवा २० गेजच्या असाव्यात. लांबी दुप्पट केली तर गेज ३ ने खाली आणावा, म्हणजे तारेचा रोध तेवढाच राहतो.

आता तापण्याकडे वळू. केबलमध्ये किती उष्णता निघेल हे प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. वरच्या उदाहरणात पाच व्होल्टच्या साध्या चार्जरवर फोनने प्रवाह १.१ अँपिअरवर आणला, तेव्हा सबंध केबलमध्ये जेमतेम ०.७ वॅट उष्णता निघते आणि हाताला ती जाणवतही नाही. साध्या चार्जरवर बारीक केबल तापण्यापेक्षा चार्जिंग मंद करते. तीच केबल ९ व्होल्ट, २ अँपिअरच्या फास्ट चार्जरला लावली की चित्र पालटते. केबलवर १.०६ व्होल्ट गळतात, पण फोनपर्यंत ७.९ पोचतात. बॅटरीला ते पुरेसे असल्याने बहुतेक वेळा फोन प्रवाह कमी करतच नाही. चार्जिंग वेगात दिसते आणि केबलमध्ये २.१ वॅट उष्णता निघत राहते, म्हणजे आधीच्या तिप्पट. २४ गेजमध्ये ती १.१ वॅटवर राहते. जुनी केबल नव्या फास्ट चार्जरला लावल्यावर कोमट का लागते, याचे उत्तर हे आहे. फास्ट चार्जरवर वेळ फारसा वाढत नाही, म्हणून केबल चांगली आहे असे मानणे चूक आहे.

टाइप-सी केबलच्या प्रमाण नियमात यासाठी मर्यादा घातलेली आहे. ३ अँपिअरच्या केबलमध्ये पूर्ण प्रवाहावर जाणाऱ्या तारेत जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट आणि परतीच्या तारेत पाव व्होल्ट गळावा. दोन्ही मिळून एकूण रोध पाव ओहम. एक मीटरची २८ गेज केबल या कसोटीत सपशेल नापास होते आणि २४ गेजचीही काठावर अडकते. परतीच्या तारेचा नियम अधिक कडक आहे, कारण फोन आणि चार्जर केबलमधल्या एका वेगळ्या बारीक तारेवरून एकमेकांशी बोलतात आणि तिथले व्होल्टेज परतीच्या तारेच्या आधाराने मोजले जाते. तो आधारच हलला तर दोघांकडून एकमेकांचे संकेत चुकीचे वाचले जाऊ शकतात आणि फास्ट चार्जिंग मध्येच तुटते.

गेज बरोबर छापूनही फसवणूक होऊ शकते. तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा तांब्यापेक्षा स्वस्त पडतात, पण त्यांचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि थोड्या वळणांत त्या तुटतात. टाकाऊ केबल कापून एक तंतू ब्लेडने खरवडून पाहा. बाहेर तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ते ॲल्युमिनियम आहे. बाहेर पांढरा आणि आत तांबूस असेल तर घाबरू नये, ते कथिलाचा मुलामा दिलेले अस्सल तांबे आहे. तंतू चुंबकाला चिकटला तर मात्र आत पोलाद आहे.

केबलची सबंध लांबी सारखीच कोमट लागणे आणि एकाच जागी चटका बसणे यांत फार फरक आहे. पहिल्यात दोन-एक वॅट मीटरभर पसरलेले असतात. दुसऱ्यात दोष जोडात असतो. पिनेवरचा मुलामा झिजला, सोल्डर नीट बसले नाही, खोबणीत धूळ किंवा खिशातल्या कापडाची लव साचली, तर एखाद्या जोडाचा रोध अर्ध्या ओहमपर्यंत चढू शकतो. मग २ अँपिअरवर २ वॅट त्या दोन-चार मिलिमीटरच्या जागेतच निघतात आणि प्लॅस्टिक मऊ होऊन पिवळे किंवा काळे पडते. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत पिना लवकर गंजतात, कारण ओलावा असताना पिनांवर व्होल्टेज असले की धातू झिजण्याचा वेग वाढतो. ओल्या पिनेची केबल चार्जरला लावून ठेवू नये.

टोकाशी वाकून काही तंतू तुटले म्हणून केबल तापते, असे सर्रास म्हटले जाते. २८ गेजच्या तारेत साधारण सात तंतू असतात. त्यांतले पाच तुटले तरी ती बारीक जागा दोनच मिलिमीटर लांब असते, त्यामुळे रोध नगण्य वाढतो. धोका सुरू होतो तो उरलेलेही तुटून टोके नुसती एकमेकांना टेकू लागतात तेव्हा. केबल हलवली की चार्जिंग सुरू-बंद होणे ही त्याची खूण आहे. अशी केबल चिकटपट्टी गुंडाळून वापरत राहू नका, टाकून द्या.

दोष केबलचा की फोनच्या खोबणीचा, हे ओळखायला तीच केबल दुसऱ्या फोनला लावा. पिन तिथेही तापली तर केबल बदला. तापली नाही तर पहिला फोन बंद करून खोबण लाकडी टूथपिकने हळुवार साफ करा. सुई किंवा टाचणी आत घालू नका.

केबलचा रोध घरीही मोजता येतो. त्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा छोटा यूएसबी मीटर आणि लोड, म्हणजे १ अँपिअर प्रवाह ओढणारे छोटे उपकरण, लागते. दोन्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. चार्जर साधा, पाच व्होल्टचा घ्या. आधी मीटर आणि लोड थेट चार्जरला लावून व्होल्टेज टिपा, समजा ५.०५ आले. मग मध्ये केबल घालून मीटर आणि लोड तिच्या दुसऱ्या टोकाला लावा, समजा आता ४.५२ आले. फरक ०.५३ व्होल्ट आणि प्रवाह १ अँपिअर, म्हणून केबलचा रोध ०.५३ ओहम. दोन्ही वेळा मीटरवरचा प्रवाह सारखाच आहे ना, हे पाहा. बदललेला असेल तर व्होल्टेजमधल्या फरकाला प्रवाहाने भागून काढलेले उत्तर थोडे चुकू शकते. लोड लगेच चटका बसेल इतका तापतो, तेव्हा दहा-पंधरा सेकंदांत वाचन घेऊन काढून ठेवा. एक मीटरच्या केबलचा रोध ०.३ च्या आत आला तर २ अँपिअरसाठी ती उत्तम. अर्ध्या ओहमच्या पुढे गेली तर ती हेडफोन किंवा घड्याळ चार्ज करायला ठेवावी.

केबलचा रोध कमी भरूनही चार्जिंग मंदच असेल, तर कारण गेजमध्ये शोधू नये. काही केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. मग समोर कोणता चार्जर आहे हे फोनला ओळखता येत नाही आणि तो सावधपणे अर्धा अँपिअरच ओढतो. अशी केबल संगणकाला जोडली तरी फोनमधले फोटो दिसत नाहीत, त्यावरून ती ओळखता येते. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाच्या टाइप-सी केबलमध्ये तर स्वतःची क्षमता सांगणारी चिप असावीच लागते. ती नसेल, तर तार कितीही जाड असली तरी चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही.