‘यासोबत हेही घेतलं जातं’: ही यादी तुमच्या बिलांतून कशी निघते

आमचं बिलिंग वापरणाऱ्या कोकणातल्या दुकानदारांसाठी

बिल करताना एखादी वस्तू टाकली की स्क्रीनच्या उजव्या बाजूला तीन नावं येतात. ‘यासोबत हेही घेतलं जातं’ असं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर नोंदवतानाही तीच नावं दिसतात, म्हणजे गिऱ्हाइकाला “वड्यांचं पीठ पाठवतोय, सोबत मसालाही देऊ का?” असं लगेच विचारता येतं. ही नावं आम्ही ठरवत नाही, ती तुमच्याच जुन्या बिलांतून निघतात. ती कशी निघतात हे ठाऊक असलं, तर कुठल्या नावावर विसंबायचं आणि कुठलं सोडून द्यायचं हे तुम्हालाच ठरवता येईल.

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: “माझ्याकडे सर्वांत जास्त काजूगर खपतात. वड्यांचं पीठ घेणारेही काजू घेतातच. मग पिठाखाली काजूचं नाव का येत नाही?” सगळा हिशेब या एका प्रश्नात येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी जोड्या मोजायच्या

एका बिलात मालवणी मसाला, आगळ आणि कुळथाचं पीठ असेल, तर त्यातून तीन जोड्या होतात: मसाला-आगळ, मसाला-पीठ, आगळ-पीठ. प्रत्येक जोडीच्या खात्यात एक-एक वाढतो. गिऱ्हाइकानं आगळाच्या पाच बाटल्या नेल्या तरी मोजणीत ते एकदाच धरलं जातं, कारण इथे प्रश्न किती नेलं हा नाही, कशासोबत काय नेलं हा आहे. या कामाला फक्त बिल क्रमांक आणि वस्तू लागते. गिऱ्हाइकाचं नाव किंवा मोबाईल नंबर यात कुठेच वापरला जात नाही.

आता हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा एका दुकानाची वर्षभराची १००० बिलं आहेत. काजूगर ४०० बिलांत आहेत, मालवणी मसाला १५० बिलांत आणि वड्यांचं पीठ ६० बिलांत. पिठाच्या त्या ६० बिलांपैकी २७ मध्ये काजू आहेत आणि २४ मध्ये मसाला.

नुसत्या जोड्या मोजल्या तर काजू पुढे आहेत, २७ विरुद्ध २४. पण काजू तर दर दहा बिलांतल्या चार बिलांत असतातच. पिठाचा आणि काजूंचा एकमेकांशी काही संबंध नसता, तरी पिठाच्या ६० बिलांपैकी २४ मध्ये काजू निघालेच असते. प्रत्यक्षात निघाले २७, म्हणजे जवळपास तेवढेच. मसाल्याचं तसं नाही. तो १००० पैकी १५० बिलांत असतो, म्हणून पिठाच्या ६० बिलांत योगायोगानं ९ वेळा यायला हवा होता. तो २४ वेळा आला आहे, अपेक्षेच्या अडीच पटीहून जास्त. पीठ घेणारा माणूस वडे-सागोतीचा बेत ठरवूनच आला आहे, हे त्या आकड्यातून दिसतं.

म्हणून आम्ही नुसती जोडी मोजून थांबत नाही. जोडी प्रत्यक्षात किती वेळा आली याला ती योगायोगानं किती वेळा आली असती या आकड्यानं भागतो. अपेक्षित आकडा काढणं सोपं आहे: दोन्ही वस्तूंच्या बिलांच्या संख्यांचा गुणाकार करायचा आणि एकूण बिलांनी भागायचं. भागाकार १ च्या आसपास आला तर संबंध नाही. १ पेक्षा बराच जास्त आला तर त्या वस्तू खरंच एकत्र जातात, आणि १ च्या खाली गेला तर एक घेणारा सहसा दुसरी घेत नाही. काजू वरच्या नावांत का नाहीत याचं उत्तर हेच. काजू कोणाला वेगळे सुचवायची गरज नसते, ज्याला हवे असतात तो ते मागतोच.

पण मग वाळा वर येतो

भागाकाराची ही रीत तशीच वापरली तर एक नवी अडचण उभी राहते. समजा त्याच दुकानात वाळ्याची जुडी वर्षभरात फक्त ३ बिलांत गेली आणि त्यातल्या एका बिलात योगायोगानं वड्यांचं पीठही होतं. अपेक्षित आकडा निघतो ०.१८, प्रत्यक्ष आहे १. भागाकार झाला साडेपाचच्या वर. म्हणजे एकाच गिऱ्हाइकानं एकदाच केलेल्या खरेदीमुळे पिठाखाली मसाल्याच्याही वर वाळा दिसू लागेल. कमी खपाच्या वस्तू अशा उसळी मारतात, आणि छोट्या दुकानात बिलंच मोजकी असल्यामुळे हे सारखं घडतं.

त्यासाठी आम्ही वर आणि खाली दोन्हीकडे ५ मिळवतो:

गुण = (प्रत्यक्ष + ५) ÷ (अपेक्षित + ५)

आता पुन्हा पाहा. मसाला: २९ भागिले १४, म्हणजे २.०७. काजू: ३२ भागिले २९, म्हणजे १.१०. वाळा: ६ भागिले ५.१८, म्हणजे १.१६. वाळा आपल्या जागी गेला आणि मसाला वर राहिला. जोडी पुरेशा वेळा आली असेल तर हे ५ फारसे जाणवत नाहीत. पुरावा एखाद्या बिलाचाच असेल तर ते गुणाला १ कडे ओढून आणतात. दीडच्या खालचं नाव आम्ही दाखवतच नाही, त्यामुळे काही वस्तूंखाली तीनऐवजी एकच नाव दिसेल आणि काहींखाली जागा रिकामी राहील. ओढूनताणून भरलेल्या जागेपेक्षा रिकामी जागा आम्हाला जास्त पटते. गल्ल्यावर गर्दी असताना भलतंच नाव दोनदा दिसलं की माणूस तिकडे बघायचंच सोडतो.

हंगामाचा घोळ

कोकणातल्या दुकानांत आम्हाला सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागलं ते इथे.

हापूसची पेटी आणि ओले काजूगर घ्या. दोन्हींचा माल मार्च ते मे या काळातच असतो. समजा वर्षाच्या १००० बिलांपैकी २५० या तीन महिन्यांतली आहेत, १०० बिलांत पेटी आहे आणि ५० बिलांत ओले काजूगर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरलं, तरी त्या २५० बिलांत त्यांची गाठ २० वेळा पडणारच. पण अपेक्षित आकडा वर्षभराच्या बिलांवरून काढला तर तो येतो फक्त ५. वीस भागिले पाच, चौपट! वर ५ मिळवूनही गुण अडीच येतो. जोडी भक्कम दिसते, पण दोघांना एकत्र आणणारी गोष्ट आहे ती फक्त हंगाम.

म्हणून अपेक्षित आकडा आम्ही वर्षाचा काढत नाही. प्रत्येक महिन्याच्या बिलांवरून वेगळा काढतो आणि मग बारा महिन्यांची बेरीज करतो. वरच्या उदाहरणात तीनही महिन्यांत खप सारखा धरला, तर अपेक्षित आकडा २० च्या आसपास येतो, गुण १ होतो आणि ती जोडी गळून पडते. तुमच्या दुकानात पेटीसोबत ओले काजूगर खरंच जास्त जात असतील, तर ते या हिशेबातूनही वर येतीलच.

गणपतीला महिन्यांची ही विभागणी पुरत नाही. चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. चाकरमानी गावी येण्याआधीची ती खरेदी कधी ऑगस्टमध्ये पडते, कधी सप्टेंबरमध्ये. शिवाय त्या दिवसांत बिलं लांबलचक असतात आणि सगळंच सगळ्याबरोबर जातं. त्यामुळे चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस आम्ही स्वतंत्र महिना मानतो. मोदकाचं पीठ आणि गूळ तरीही एकत्र दिसतात, पण मोदकाचं पीठ आणि उदबत्ती ही जोडी नुसत्या गर्दीमुळे वर येत नाही.

तुमच्या बाजूनं काय जपायचं

महिन्याच्या खात्यावर माल नेणाऱ्यांचं बिल काही दुकानांत महिनाअखेरीला एकच काढतात. तसं बिल हिशेबात आलं तर १ तारखेचं मीठ आणि २६ तारखेची फणसपोळी एकत्र घेतल्यासारखी दिसते. हॉटेलच्या किंवा लग्नघरच्या मोठ्या बिलाचंही तेच होतं: ४० वस्तूंच्या एका बिलातून ७८० जोड्या निघतात, तर चार वस्तूंच्या बिलातून सहाच. म्हणून १५ पेक्षा जास्त वस्तू असलेली बिलं आम्ही जोड्यांसाठी घेत नाही. खातेदाराचा माल मात्र ज्या दिवशी जातो त्याच दिवशी नोंदवायला हवा, ते काम आम्हाला इथून करता येत नाही.

दुसरी गोष्ट वस्तूंच्या नोंदींची. काजूगर पाव किलो आणि काजूगर अर्धा किलो अशा दोन वेगळ्या वस्तू टाकल्या असतील, तर त्यांचा खप विभागला जातो आणि पुरावा अर्धा होतो. वस्तूच्या पानावर ‘मूळ वस्तू’ असा रकाना आहे. त्यात दोन्हींसाठी ‘काजूगर’ एवढंच लिहा. एखाद्या वस्तूखाली तिचंच दुसरं पाकीट सुचवलेलं दिसलं, तर हा रकाना रिकामा राहिला आहे असं समजा.

आणखी एक. सुचवलेली वस्तू गिऱ्हाईक घेऊ लागलं की ती जोडी आणखी वाढते, त्यामुळे ती आणखी ठळकपणे सुचवली जाते. हे चक्र थांबावं म्हणून दर दहा बिलांतल्या एका बिलाला आम्ही मुद्दाम काहीच सुचवत नाही. ही बिलं आणि बाकीची बिलं यांची तुलना ‘अहवाल’ या पानावर दिसते. दोन्हींत मसाला सारखाच जात असेल, तर सुचवल्यामुळे काही वाढलेलं नाही आणि ते नाव काढून दुसऱ्याला जागा द्यावी.

कुठल्याही सुचवलेल्या नावावर बोट ठेवलं की त्याचे दोन आकडे उघडतात, प्रत्यक्ष आणि अपेक्षित. ‘प्रत्यक्ष ११, अपेक्षित ३’ असं असेल तर निर्धास्तपणे विचारा. ‘प्रत्यक्ष ६, अपेक्षित २’ असेल तर थोडं थांबा, दोन-चार बिलांनी ते इकडचं तिकडे होऊ शकतं. २० पेक्षा कमी बिलांत आलेल्या वस्तूखाली आम्ही काही दाखवत नाही, त्यामुळे नवा माल ठेवल्यावर पहिले काही आठवडे तिथे काहीच येणार नाही. तोवर तुमच्या अनुभवातली जोडी तुम्ही हातानं घालू शकता: वस्तूच्या पानावर ‘माझी जोडी’ दाबा आणि नाव निवडा. अशी नावं तारा लावून वेगळी दिसतात आणि तुम्ही काढेपर्यंत हिशेब त्यांना हात लावत नाही.