फिलर स्लॅब आणि मडक्यांचे छत

काँक्रीटच्या छतातले सगळेच काँक्रीट सारखे काम करत नाही. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब भाराने खाली वाकू पाहतो, तेव्हा त्याचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट सहज पेलते. ताण मात्र सळया सोसतात. खालच्या थरातल्या काँक्रीटने सळयांना घट्ट धरायचे आणि गंजापासून वाचवायचे, एवढेच मुख्यतः उरते. म्हणून सळयांच्या चौकोनांमधली जागा हलक्या, स्वस्त वस्तूने भरून तेवढे काँक्रीट वाचवता येते. अशा छताला फिलर स्लॅब म्हणतात. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळमध्ये मंगलोरी कौले घालून ही पद्धत रुळवली. छत हलके करण्यासाठी पोकळ मातीची भांडी वापरणे मात्र फार जुने आहे. इटलीतल्या राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चचा घुमट पोकळ भाजक्या नळ्यांचा आहे.

मडक्याचे गणित एका खोलीवर मांडून पाहू. छत ३ मीटर × ३.६ मीटर, जाडी १५० मिमी. पसरट मडके तोंडाशी २०० मिमी रुंद, ९० मिमी उंच, वजनाला साधारण १ किलो. ते सेंट्रिंगवर, म्हणजे ओतकामासाठी खाली बांधलेल्या तात्पुरत्या फळ्यांवर, पालथे ठेवले की त्याच्या डोक्यावर ६० मिमी काँक्रीट राहते. एवढ्या खोलीच्या स्लॅबमध्ये दाबाचा पट्टा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतच असतो, त्यामुळे मडके त्याच्या आड येत नाही. सळया ३०० मिमी अंतरावर असल्या तर दोन मडक्यांमध्ये १०० मिमी रुंद काँक्रीटची बरगडी मिळते. भिंतीजवळ स्लॅबला कातरू पाहणारे बल जास्त असते, म्हणून कडेची एक ओळ भरीव ठेवायची. उरली ८ × १० म्हणजे ८० मडकी. एका मडक्यामागे सुमारे २.३ लिटर, म्हणजे ५.७ किलो काँक्रीट वाचते. एकूण १८० लिटरच्या आसपास; पूर्ण छताच्या १,६२० लिटरमधले अकरा टक्के. मडक्यांचे स्वतःचे वजन धरले तर छत नऊ टक्क्यांनी हलके होते.

हा आकडा लहान वाटेल, पण तो खरा आहे. गोल मडक्यांच्या मधल्या कोपऱ्यांत काँक्रीट साचते आणि भरीव कडा उरलेला फायदा खातात. उष्णतेचेही तेच. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णता खाली उतरू देत नाही, मात्र आपल्या उदाहरणातल्या खोलीत मडक्यांनी छताचा पाव भागही व्यापलेला नाही. बाकीच्या जागेतून उष्णता सरळ आत येते. आयताकृती कौलांमध्ये हीच १०० मिमीची बरगडी ठेवली तरी भरीव कडांच्या आतला निम्म्याहून जास्त भाग झाकला जातो. दोन कौले एकावर एक, मध्ये हवेची फट ठेवून बसवली तर गारवा जास्त मिळतो. गारवा हाच हेतू असेल तर मी कौले निवडेन. आणि छताच्या वरच्या बाजूला पांढरा चुना दिला, तर तो दोन्हींच्या जोडीला मोठी मदत करतो.

चुका बहुतेक ओतकामाच्या दिवशी होतात. कोरडे मडके काँक्रीटमधले पाणी शोषते आणि भोवतीचा थर कच्चा राहतो, म्हणून मडकी आदल्या रात्री भिजत घालावीत. दुसरा धोका उचलले जाण्याचा. पालथ्या मडक्याच्या काठाखाली पातळ काँक्रीट शिरले की मडके तरंगू लागते, कारण त्याचे वजन १ किलो आणि वर रेटणारा जोर त्याच्या पाच पटींहून जास्त. त्यामुळे प्रत्येक मडक्याचा काठ आधी सिमेंटच्या मसाल्याने फळीवर चिकटवतात, मग बरगड्या भरतात आणि मडक्यांच्या माथ्यावर शेवटी ओततात. खडी १२ मिमीपेक्षा मोठी नको आणि व्हायब्रेटरची सुई बारीक हवी, नाहीतर बरगडी पोकळ राहते. सेंट्रिंग काढल्यावर बरगड्यांखाली खडी सुटी दिसत असेल किंवा सळई उघडी पडली असेल, तर काँक्रीट नीट बसलेले नाही.

भिंतीबाहेर निघालेल्या सज्ज्यात फिलर घालू नये. तिथे ताण वर आणि दाब खाली असतो, म्हणजे मडके नेमके कामाच्या काँक्रीटची जागा घेते. सलग स्लॅबच्या मधल्या भिंतीवर आणि पाण्याच्या टाकीखालीही भरीव काँक्रीटच हवे. पंख्याचा हूक बरगडीत आधीच बसवावा. मडके कापून नंतर हूक अडकवला तर पंख्याचे वजन भाजलेल्या मातीच्या पातळ भिंतीवर येते.